गेलेले कॉन्टॅक्ट परत आणायचे 3500 रुपये घेतले, ते काम घरी फुकट होतंय

कोल्हापुरातल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण लग्नसराई तोंडावर आहे आणि ज्यांचा धंदाच फोनवर चालतो त्यांना असं कुणी गाठलं तर माणूस घाबरून मागेल तेवढे पैसे देतो.

आमच्या दादाचा मंडप आणि केटरिंगचा धंदा आहे. सगळी गिऱ्हाईकं, आचारी, वाढपी, टेम्पोवाले फोनमध्ये सेव्ह आणि ऑर्डरच्या तारखा गूगल कॅलेंडरमध्ये. त्यानं नवीन फोन घेतला आणि जुना पोराला दिला. पोरानं काय केलं, जुना फोन रिकामा करायचा म्हणून आधी सगळे कॉन्टॅक्ट सिलेक्ट करून डिलीट मारले, कॅलेंडरमधल्या पुढच्या तारखाही एकेक करून काढल्या आणि मग फोन रिसेट केला. दादाचं अकाउंट तोवर त्या फोनवर चालूच होतं, त्यामुळं तिथं डिलीट झालेलं सिंक होऊन अकाउंटमधनंच उडालं आणि संध्याकाळी दादाच्या नव्या फोनमध्ये एक नाव शिल्लक नाही. घरात सगळ्यांना वाटलं रिसेटनं गेलं, पण नुसत्या रिसेटनं फक्त त्या फोनमधलं पुसलं जातं, अकाउंटमधलं जात नाही. गेलं ते आधीच्या डिलीटनं.

दादा घाबरून एका मोबाईलच्या दुकानात गेला. तो म्हणाला, "रिसेट मारलाय न्हवं, आता चिपमधनं काढाय लागतंय, सॉफ्टवेअर भारी आहे, 3500 होतील, पण गॅरंटी देतो." वर जीमेलचा पासवर्ड घेतला आणि आलेला ओटीपीसुद्धा. जुना फोन त्यानं हातातही घेतला नाही, तिथंच खरं तर शंका यायला पाहिजे होती, चिप तर त्या फोनमध्ये! दुसऱ्या दिवशी नावं परत आली, दादा खूश. पण मधल्या दिवसांत ज्या नवीन पार्ट्यांचे नंबर त्यानं हातानं टाकले होते ते गायब, आणि कॅलेंडर तसंच रिकामं. कॅलेंडरचे वेगळे 2000 पडतील म्हणाला.

तेव्हा दादानं मला सांगितलं. मी त्याच्या अकाउंटमध्ये myaccount.google.com वर Security मधली Your devices ची यादी बघितली तर त्यात एक अनोळखी विंडोज कॉम्प्युटर, दादाकडं तर कॉम्प्युटरच नाही. म्हणजे त्यानं दुकानात बसून ब्राउझरमध्ये लॉगिन केलं आणि गूगलनं सगळ्यांना फुकट दिलेलं बटण दाबलं, एवढंच काम. बटण असं आहे: कॉम्प्युटरवर contacts.google.com उघडायचं, वर उजवीकडं चक्राचं चिन्ह, त्यात Undo changes, तिथं 10 मिनिटांपासून 30 दिवसांपर्यंत मागची वेळ निवडायची, म्हणजे यादी त्या वेळेला जशी होती तशी होते. आणि म्हणूनच दादाचे नवे नंबर गेले, कारण त्या वेळेला ते यादीत नव्हतेच. आधी Export मधनं आत्ताची यादी फाईलमध्ये काढून ठेवायची आणि काम झाल्यावर Import करायची, नवे नंबरही राहतात. त्या बाबानं ही तसदीही घेतली नाही.

कॅलेंडरला हे बटण लागू पडत नाही, त्याची कचराटोपली वेगळी. calendar.google.com कॉम्प्युटरवर उघडून चक्राच्या मेनूत Trash किंवा Bin असं दिसतं, डिलीट केलेल्या नोंदी साधारण 30 दिवस तिथं पडून असतात. आम्ही त्या निवडून परत आणल्या, गडहिंग्लजच्या पार्टीची हळद, पन्हाळ्याचं रिसेप्शन, सगळ्या तारखा जागेवर आल्या. 2000 वाचले.

एक मात्र खरं, नावं अकाउंटमध्ये नसून नुसती फोनच्या मेमरीत सेव्ह असतील आणि फोन रिसेट झाला तर हे बटण काही आणून देत नाही. पण मग दुकानदारही आणू शकत नाही, हल्लीच्या फोनमध्ये डेटा कुलूपबंद असतो आणि रिसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते. तिथं "गॅरंटी" म्हणणारा सरळ खोटं बोलतोय. जुनं सिम, व्हॉट्सॲपच्या चॅट, असं जिथं नंबर दिसतील तिथनं गोळा करायचे, दुसरा रस्ता नाही. आणि दोन-तीन जीमेल असतील तर प्रत्येकात आत जाऊन वेगवेगळं बघायचं, कारण नावं भलत्याच अकाउंटमध्ये असल्याचंही खूपदा निघतं.

त्या दुकानाचा कॉम्प्युटर आम्ही Sign out केला, पासवर्ड बदलला, रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल दादाचाच आहे का तेही तपासलं. पासवर्ड आणि ओटीपी दिल्यावर तो माणूस मेल, फोटो सगळं बघू शकत होता, मला पैशापेक्षा त्याचाच जास्त राग आलाय. पैसे परत मागितले तर "सर्विस चार्ज आहे" म्हणतोय, बिल द्यायला तयार नाही. पण 3500 यूपीआयनं दिलेत, त्याची नोंद आहे, ती जोडून ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार टाकलीय.