गाडी कुठं आली ते सांगणारं पैसे भरून घेतलेलं अॅप: सांगलीहून पुढची गाडी गाठायची असेल तर कितपत उपयोगाचं?

वर्षाची वर्गणी संपत आल्याचा मेसेज आला, म्हणून हे लिहायला बसलो. ४९९ रुपये पुन्हा भरायचे की नाही हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. आमच्याकडं गाडीची स्थिती बघणं रोजचंच आहे. ताई नागपूरला असते, आई-बाबा सांगलीला आणि मीही इथंच. त्यामुळं सांगली ते पुणे एक गाडी आणि पुण्याहून दुसरी, असा प्रवास घरात कोणाचा ना कोणाचा चालूच असतो. अॅपचं नाव देत नाही, कारण मी जे दोष सांगणार आहे ते अशा बहुतेक अॅपमध्ये थोड्याफार फरकानं सापडतील. अॅप उघडून गाडीचा नंबर टाकणं सगळ्यांना येतं, ते सांगत बसत नाही.

पैसे भरले होते ते एका सोयीसाठी: दोन तिकिटं जोडली की पहिल्या गाडीच्या उशिरावरून दुसरी मिळेल की नाही हे अॅप हिरव्या, पिवळ्या किंवा लाल पट्टीत दाखवतं. तीच सोय सर्वांत कच्ची निघाली.

आई-बाबांच्या प्रवासाचं उदाहरण देतो. तिकिटाप्रमाणे पुण्याला रात्री ९:२० ला पोचायचं आणि १०:४० ला नागपूरची गाडी. मध्ये ऐंशी मिनिटं. दुपारी सांगलीहूनच गाडी ५५ मिनिटं उशिरा निघाली. साताऱ्याला तो उशीर ६२ मिनिटांवर गेला. पट्टी पिवळी झाली. जेजुरीहून सुटायची वेळ ७:५५, प्रत्यक्षात गाडी निघाली ९:०१ ला, म्हणजे ६६ मिनिटं उशीर. अॅपनं पुण्याची वेळ १०:२६ दाखवली, पट्टी लाल केली आणि खाली ‘पुढची गाडी चुकण्याची शक्यता’ असं लिहून शेजारीच पुणे-नागपूर रात्रीच्या बसचं तिकीट विकायला ठेवलं. पैसे भरणाऱ्या माणसाला घाबरवून त्याच पानावर बस विकायची, याचा मला आजही राग येतो.

बाबांचा फोन आला, “अरे, चुकणार म्हणतंय. नागपूरचं तिकीट रद्द करायचं का?” मी म्हटलं, “बाबा, काही करू नका. बॅगा काढून दाराजवळच्या सीटवर येऊन बसा. साडेदहाच्या आत पोचताय तुम्ही.”

हे मी कशावरून म्हणालो ते सांगतो, कारण पुढची गाडी मिळणार की नाही हे बहुतेक वेळा इथंच ठरतं.

अॅपचा हिशेब असा असतो: आत्ता ६६ मिनिटं उशीर, मग पुढच्या प्रत्येक स्टेशनाच्या वेळेत ६६ मिळवा. पुढच्या सगळ्या स्टेशनांपुढं उशिराचा आकडा मिनिटागणिक तोच दिसला, तर समजावं की कसलाही अंदाज बांधलेला नाही, नुसती बेरीज केली आहे. रेल्वेचं वेळापत्रक मात्र तसं आखलेलं नसतं. रुळांची कामं, तात्पुरत्या वेगमर्यादा, मोठ्या स्टेशनाबाहेर होणारा खोळंबा यांच्यासाठी वेळापत्रकात राखीव मिनिटं घातलेली असतात आणि ती बरीचशी शेवटच्या किंवा मोठ्या स्टेशनाच्या आधीच्या टप्प्यात असतात. वेळेवर आलेली गाडी ती मिनिटं रेंगाळून घालवते, उशीर झालेली गाडी तीच मिनिटं खाऊन उशीर कमी करते.

ही राखीव मिनिटं किती ते घरबसल्या कळतं. त्याच गाडीचं परतीचं वेळापत्रक उघडायचं. आमच्या गाडीला जेजुरी ते पुणे ८५ मिनिटं दिली होती, तर तिच्या परतीच्या जोडगाडीला पुणे ते जेजुरी ६२. रूळ तेच, अंतर तेच, फरक २३ मिनिटांचा. हा सगळा फरक हातात आहे असं मात्र धरायचं नाही. पुण्याकडं येताना शिंदवण्याचा घाट उतरायचा असतो आणि उतारावर वेग जपावा लागतो. म्हणून मी ६२ ते ७० मिनिटं धरली. ९:०१ ला निघालेली गाडी १०:०३ ते १०:११ च्या दरम्यान यायला हवी. त्यात घोरपडीला फलाटासाठी थांबण्याची दहा मिनिटं मिळवली तरी वाईटात वाईट १०:२१. आईचे गुडघे दुखतात, तिला पुलावरून दुसऱ्या फलाटावर जायला पंधरा मिनिटं लागतात. तरीही बसत होतं.

घोरपडीला गाडी सहा मिनिटं उभी राहिली आणि १०:०९ ला पुण्यात लागली. आई-बाबा डब्यात बसून पाणी प्याले आणि मग गाडी सुटली.

हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे पुढची गाडी. ती पुण्याहूनच सुटणारी असेल तर तिचा रेक, म्हणजे डब्यांचा संच, आधीच्या कुठल्या गाडीचा येतो ते बघावं. येणारा रेकच तीन तास मागं असेल तर सुटायची वेळ पुढं ढकलली जाते, आणि आपण उगाच धावपळ करत असतो. लांबून येऊन पुण्यातून पुढं जाणारी गाडी असेल तर तिची स्थिती वेगळी उघडावी. माझं अॅप दुसऱ्या गाडीची तिकिटावरची वेळ पक्की धरून चालतं. दोन्ही गाड्या उशिरा असताना ते फक्त पहिलीचा उशीर मोजून लाल पट्टी दाखवतं.

आता ज्यासाठी मी वर्षभर चिडलो ती गोष्ट. पडद्यावर सगळ्यात बारीक, फिक्या अक्षरांत एक ओळ असते: शेवटची नोंद किती मिनिटांपूर्वीची. माझ्या मते ती ओळ पुण्याच्या वेळेपेक्षाही मोठी हवी. रेल्वेकडं गाडीची माहिती दोन वाटांनी येते. काही इंजिनांवर इस्रोच्या मदतीनं केलेली उपग्रह-यंत्रणा आहे. ती साधारण दर ३० सेकंदांनी जागा कळवते आणि गाडी स्टेशनावर आली, सुटली किंवा न थांबता गेली ही वेळ आपोआप नोंदते. बाकी ठिकाणी स्टेशनाकडून कंट्रोलला कळवलेल्या वेळेवर भिस्त असते. दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी उभी असेल आणि नोंद जुनी असेल, तर अॅपला खरं काहीच माहीत नसतं. तरी त्यावरचं निळं इंजिन पुढं सरकतच राहतं, कारण ते वेळापत्रकाच्या वेगानं सरकवलेलं असतं.

वाठार सोडल्यावर हे हमखास दिसतं. आदर्की, सालपे, लोणंद या पट्ट्यात निळं इंजिन झोकात लोणंदला जाऊन पोचतं, नोंद मात्र वीस मिनिटांपूर्वीची वाठारची असते. मग एकदम नवी नोंद येते आणि इंजिन उडी मारून मागं येतं. गाडी मागून येणाऱ्या जलद गाडीला वाट देत बाजूच्या लूपवर उभी असली की हेच होतं. उशिरा धावणारी गाडी आपल्या ठरलेल्या वेळेच्या बाहेर पडलेली असते, वेळेवर असलेल्या गाड्या तिच्यामुळं अडू नयेत म्हणून तिलाच बाजूला काढतात. म्हणून मधल्या टप्प्यात उशीर वाढतो आणि शेवटच्या टप्प्यात कमी होतो. या दोन्हीतलं काहीच नुसत्या बेरजेत येत नाही.

मी आता असं करतो: नोंद दहा मिनिटांहून जुनी दिसली की एनटीईएस या गाड्यांची स्थिती दाखवणाऱ्या रेल्वेच्या अधिकृत पानावर बघतो आणि गाडीत आपलं माणूस असेल तर त्यालाच विचारतो. गाडीतल्या माणसाच्या फोनवर टॉवरवरून जागा दाखवणारी सोय इंटरनेट नसतानाही चालते. ती मात्र गाडीत बसलेल्यालाच उपयोगी, फलाटावर किंवा घरी बसून तिचा काही फायदा नाही. घाटात टॉवर सुटले की तीही अडते.

तारखेचंही एक सांगतो. साताऱ्याच्या फलाटावर निजामुद्दीनहून येणाऱ्या गोवा एक्सप्रेसची वाट बघणारी माणसं आजची तारीख लावून बघतात आणि गाडी अजून दिल्लीकडंच दिसते म्हणून घाबरतात. तारीख गाडी मुळात जिथून सुटते तिथली लागते, म्हणजे इथं आदल्या दिवशीची.

पावसाळ्यानंतर माझं मत थोडं बदललं. याच अॅपमध्ये मागच्या काही आठवड्यांत गाडी प्रत्येक स्टेशनावर किती उशिरा आली याचा तक्ता आहे. सुरुवातीला मी तो उघडलाही नव्हता. आता तिकीट काढण्याआधी तोच बघतो. त्यात पुण्याचा रकाना जेजुरीच्या रकान्याशी लावून बघितला की शेवटच्या टप्प्यात गाडी नेहमी किती वेळ भरून काढते ते सरळ दिसतं. म्हणजे लागणारी सगळी माहिती अॅपकडं आहे आणि तरी चालू गाडीच्या अंदाजात ती वापरत नाहीत. हे कळल्यावर राग वाढला, पण तक्ता कामाचा आहे हे मान्य करायला हवं.

हिशेब करूनही कधी गाडी चुकते. भाचा नागपूरहून येताना त्याची पुण्याहून साताऱ्याची गाडी गेली, तेव्हा उपयोगी पडला तो पीएनआर जोडण्याचा नियम. १ एप्रिल २०१९ पासून दोन तिकिटं एकमेकांशी जोडता येतात. दोन्हींवर प्रवाशांची माहिती सारखी हवी, आणि वेळापत्रकाप्रमाणे पहिली गाडी दुसरी सुटण्याआधी पोचणारी हवी. पहिलीच्या उशिरामुळं दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचं भाडं रद्द करण्याचा आकार न कापता परत मिळतं. अट वेळेची आहे: पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांच्या आत ई-तिकिटासाठी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरायचा, खिडकीवरचं तिकीट असेल तर ते तिथंच परत करायचं. तिकीट नेहमीसारखं रद्द करून बसलात तर नेहमीची कपात होते. म्हणून मी भाच्याला फोनवर पहिलं वाक्य हेच सांगितलं, “कॅन्सल दाबू नकोस, टीडीआर भर.” पैसे यायला वेळ लागला, पण आले.

दावा रेल्वेच्या नोंदीशी ताडला जातो, खाजगी अॅपनं दाखवलेल्या वेळेशी नाही. त्यामुळं एनटीईएसवरचं पोचल्याच्या वेळेचं पान फोनमध्ये टिपून ठेवावं.

वर्गणी मी भरत नाहीये. तक्ता फुकटच्या भागातही दिसतो, बाकीचं काम रेल्वेचं अधिकृत पान आणि परतीचं वेळापत्रक मिळून होतं. शेवटच्या नोंदीची वेळ ठळक केली, पुढच्या गाडीची खरी स्थिती हिशेबात घेतली आणि लाल पट्टीखालची बसची जाहिरात काढली, तर पुढच्या वर्षी ४९९ रुपये आनंदानं देईन. तोवर आई-बाबांचं तिकीट काढताना पुण्यात निदान दीड तास मध्ये ठेवतो.