महाबळेश्वर की फलटण : ढग तेच, मग पाऊस कुठे जातो?

दोन्ही सातारा जिल्ह्यातच, पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस आणि फलटणला जेमतेम पाचशे. लोक म्हणतात डोंगर ढग अडवतो, पण तसं नाहीये, हवा डोंगर चढून पलीकडे जातेच.

समजा कोकणात हवा २८ डिग्री आहे, अरबी समुद्रावरून आलेली, दमट. वर चढताना दाब कमी होतो म्हणून ती पसरते आणि थंड होते, शे-चारशे मीटरवरच ढग धरतात, मग साधारण १३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला पोचेपर्यंत ती १९-२० डिग्रीवर येते आणि तेवढ्यात बरंचसं पाणी सांडून टाकते.

फलटणकडे उलटं. हवा खाली उतरते, दाबली जाते, आणि ढग विरले की किलोमीटरला जवळपास १० डिग्रीने तापते, म्हणजे साडेपाचशे मीटरवर ती २७ च्या आसपास! त्यात वाफ आधीच कमी, म्हणून जुलैत आभाळ भरलेलं दिसतं, वारा सुसाट, पण पडतो नुसता भुरभुर.

फलटणचा खरा भरवसा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गडगडाटी पावसावर, कारण तेव्हा हवा जागेवरच तापून वर चढते, तिला घाट लागत नाही.