कॅरोसेल टाकण्याआधी कुठे तपासायचं: कॉम्प्युटरवर की फोनवर?

कॅरोसेल म्हणजे सरकवत बघायच्या अनेक स्लाइडची एकच पोस्ट. ती इन्स्टाग्रामवर गेल्यावर खालचा मजकूर बदलता येतो, एखादी स्लाइड काढूनही टाकता येते, पण स्लाइडमधलं चित्र बदलून नवं बसवता येत नाही. त्यामुळे चौथ्या स्लाइडवर एक आकडा चुकला की एक तर ती स्लाइड गाळायची, नाहीतर आलेल्या कमेंटसकट सगळी पोस्ट उडवायची. म्हणून तपासणी आधीच करायची. प्रश्न इतकाच की वेळ थोडा असेल तर तो डिझाइन उघडून कॉम्प्युटरवर घालवायचा, की तयार चित्रं फोनवर घेऊन? मी दोन्ही करते, कारण या दोन ठिकाणी सापडणाऱ्या चुका वेगळ्या असतात.

शब्द आणि आकडे कॉम्प्युटरवरच सापडतात, मात्र डिझाइनमध्ये बघून नाही. तिथे नजर रंगांवर आणि मांडणीवर जाते. सगळ्या स्लाइडचा मजकूर उचलून एका साध्या पानावर ठेवा आणि शेवटच्या स्लाइडपासून पहिलीकडे वाचा. ‘पैसे भरा’चं ‘पैसे भारा’ झालं तर स्पेलचेक गप्प बसतो, कारण ‘भारा’ हाही खरा शब्द आहे. ‘कर्मचाऱ्यांना’ऐवजी ‘कर्मचार्यांना’ ही चूक तर ओळखीची झाल्याने डोळ्यांनाही खुपेनाशी झालीय. म्हणून ‘र्य’ आणि ‘र्ह’ असलेले शब्द मी सर्चमध्ये टाकून मुद्दाम शोधते.

आकड्यांसाठी त्याच पानाच्या खाली प्रत्येक आकडा आणि त्याची स्लाइड अशी यादी करते. पीपीएफवर केलेल्या अकरा स्लाइडच्या कॅरोसेलमध्ये ती यादी अशी होती: पहिल्या स्लाइडवर ‘१५ वर्षांत ४०.६८ लाख’, चौथ्या स्लाइडवर ‘दरमहा १२,५००’, सातव्या स्लाइडवर ‘भरलेले २२.५ लाख, व्याज १८.१८ लाख’. बेरीज जुळते. वर्षाला दीड लाख, १५ वर्षं, हेही जुळतं. तरीही आमची पोस्ट चुकलेलीच होती. पीपीएफमध्ये ५ तारखेनंतर महिना संपेपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर त्या महिन्याचं व्याज धरतात. त्यामुळे ७.१ टक्के दराने ४०.६८ लाख तेव्हाच होतात, जेव्हा दरवर्षीचे दीड लाख ५ एप्रिलच्या आत एकदम भरले जातात. दरमहा १२,५०० भरणाऱ्याला तितक्याच वर्षांत साधारण ३९.४५ लाख मिळतील. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास फरक. प्रत्येक स्लाइड एकेकटी बरोबर होती. चूक दोन स्लाइडच्या मध्ये होती. ती यादीत शेजारी शेजारी आल्यावरच दिसली.

क्रम आणि कापला गेलेला मजकूर यांसाठी मात्र फोनच हवा. फाइलींची नावं `1.png` ते `11.png` अशी असली आणि मांडणी नावाप्रमाणे अक्षरक्रमाने झाली, तर `1` नंतर `10`, `11` आणि मगच `2` येतं. `01`, `02` अशी नावं दिली की हा घोळ मिटतो. पुढे इन्स्टाग्राममध्ये ज्या क्रमाने बोट लावाल तोच क्रम लागतो, आणि तिथे शेवटी सेव्ह केलेलं चित्र सगळ्यांत वर असतं. वरून खाली टिचक्या मारत गेलात तर अख्खं कॅरोसेल उलटं होतं. म्हणून ‘पुढे’ दाबण्याआधी निवडलेल्या चित्रांवर उमटणारे क्रमांक तपासा, आणि पुढच्या स्क्रीनवर एकदा शेवटपर्यंत सरकवा.

कापण्याचं गणित असं: १०८० बाय १३५० ची स्लाइड पोस्टमध्ये पूर्ण दिसते. पण जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलवरची पोस्टच्या चौकटींची जाळी ३:४ प्रमाणात आली, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंनी सुमारे ३४ पिक्सेल जातात. शीर्षक कडेला टेकलेलं असेल तर ‘वर्षांत’मधला ‘त’ गायब. शिवाय वर उजव्या कोपऱ्यात ‘1/11’ अशी पट्टी थोडा वेळ येते. लोगो तिथे ठेवलात तर तो झाकला जातो. मराठीचा खास धोका म्हणजे ओळींमधलं अंतर कमी केलं की वरची वेलांटी किंवा रफार कापला जातो, आणि शेवटच्या ओळीखालचा उकार चौकटीबाहेर जातो. कॉम्प्युटरवर दीडपट मोठं करून बघताना हे सहज निसटतं. फोन हातभर लांब धरा आणि फक्त ओळींच्या वरच्या नि खालच्या कडा बघा.

तर ठरवायचं कसं? विचार-सुविचारांची, आकडे नसलेली पोस्ट असेल तर फोनवरची पाच मिनिटं पुरतात. पैसे, औषधाचे डोस, अर्जाच्या तारखा असतील तर आकड्यांची यादी टाळू नका, भले त्यासाठी पोस्ट उद्यावर जावी. जाळीत शीर्षक नेमकं कसं दिसेल याची खात्री हवी असेल, तर फॉलोअर नसलेल्या खासगी खात्यावर आधी टाकून बघा. आणि दुसरं माणूस हाताशी असेल तर त्याला डिझाइन दाखवू नका. यादीतले आकडे मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही फोनवर स्लाइड सरकवत ते जुळवा.