किलोचा दर की वेळेचा हिशोब? सांगलीतल्या घरगुती केकची किंमत कशी लावायची

सांगली-मिरजेत घरून केक करणाऱ्यांपैकी बहुतेक जणी किलोवर दर सांगतात. काही जणी सामानाचा खर्च काढून त्याची तिप्पट करतात. तिसरी पद्धत म्हणजे सामान, पॅकिंग आणि लागलेली वेळ वेगवेगळी धरून बेरीज करायची. ही पद्धत कटकटीची वाटते म्हणून फारशी कुणी वापरत नाही. तिन्हींची तुलना एकाच वजनाच्या दोन केकवर करून बघू. खालचे आकडे उदाहरणादाखल धरलेत. तुमच्या दुकानदाराच्या बिलाप्रमाणे ते बदलून घ्या.

पहिला केक साधा: एक किलो चॉकलेट, व्हिप क्रीमचा, वर नाव आणि कडेनं पायपिंग. दुसराही एक किलोचाच, पण फाँडंटचा. वर हत्तीचं पिल्लू आणि वाढदिवसाचा आकडा. फाँडंटखाली व्हिप क्रीम चालत नाही. क्रीमच्या ओलाव्यानं फाँडंट विरघळतं आणि कडा खाली सरकतात, म्हणून तिथं गनाशचा थर द्यावा लागतो.

| | साधा | फाँडंट |
|---|---|---|
| सामान | १८५ | ४४४ |
| वीज | २० | २० |
| बोर्ड, बॉक्स, सुरी-मेणबत्ती | ७५ | १७० |
| नासाडी, झीज (१० टक्के) | २८ | ६३ |
| वेळ (तासाला १२० रु.) | दीड तास, १८० | साडेपाच तास, ६६० |
| एकूण | ४८८ | १,३५७ |
| २० टक्के नफा धरून | सुमारे ६०० | सुमारे १,६५० |

फाँडंटच्या साडेपाच तासांत सर्वांत मोठा वाटा हत्तीचा आहे. हत्ती आणि आकडा घडवायला सव्वादोन तासांच्या वर जातात. बाकीचा वेळ गनाशचे दोन हात, फाँडंट लाटून चढवणं, जोडणी, भांडी आणि व्हॉट्सॅपवर डिझाइन ठरवणं यात जातो. केक ओव्हनमध्ये असतो तो वेळ धरलेला नाही, कारण तेव्हा दुसरं काम होतं.

आता किलोचा दर लावू. साध्याला ६०० घेतले तर वेळ सोडून बाकी सगळा खर्च वजा जाता तासाला साधारण १९५ रुपये सुटतात. म्हणजे साध्या केकला किलोचा दर अगदी ठीक आहे, उगाच कागद-पेन घेऊन बसायची गरज नाही. फाँडंटला मात्र "किलोला हजार" म्हटलं की हातात ३०३ रुपये उरतात आणि तासाला ५५ पडतात. नफा तर सोडाच.

सामानाची तिप्पट केली तर साध्याचे ५५५ आणि फाँडंटचे १,३३२ होतात. हे किलोच्या दरापेक्षा बरं, पण फाँडंटला मजुरीही पूर्ण निघत नाही. ही पद्धत सर्वांत जास्त फसते ती क्रीमच्या फुलांच्या केकवर. दोन तास बसून गुलाब काढले तरी क्रीम वीसेक रुपयांचंच जास्त लागतं, म्हणून दर फक्त ६० रुपयांनी चढतो; वेळ मात्र २४० रुपयांची गेलेली असते.

अर्ध्या किलोच्या ऑर्डरला तर किलोच्या निम्मा दर लावूच नका. सामान निम्मं झालं तरी बॉक्स, भांडी, बोलणं तेवढंच राहतं आणि काम सव्वा तासाच्या खाली येत नाही. वरच्याच हिशोबानं साध्या अर्ध्या किलोचा नुसता खर्चच ३५० च्या आसपास जातो, तेव्हा ४०० च्या खाली उतरू नये.

पावसाळ्यात वेळेचा आकडा वाढवून धरा. हवेतल्या दमटपणानं फाँडंटच्या बाहुल्या लवकर सुकत नाहीत. बोट लावल्यावर चिकटलं किंवा हत्तीची सोंड वाकायला लागली, की समजा अजून सुकलेलं नाही. सीएमसी पावडर मळून घेतली तर फरक पडतो, तरी बाहुल्या दोन दिवस आधी केलेल्या बऱ्या. आयत्या वेळी घडवलेला हत्ती कोसळला तर तो पुन्हा घडवायचा वेळ कुठल्याच दरात बसत नाही.

मग निवडायचं काय? महिन्याच्या बहुतेक ऑर्डर क्रीमच्या साध्या केकच्या असतील तर किलोचा दर ठेवा, फक्त अर्ध्या किलोचा वेगळा सांगा. थीम केक येत असतील तर साध्या केकचा दर पाया धरा आणि त्यावर जादा सामान, मोठा बॉक्स आणि सजावटीचे तास चढवा. गिऱ्हाइकाला हा सगळा तपशील सांगू नका, एकच रक्कम सांगा. नाहीतर प्रत्येक ओळीवर घासाघीस सुरू होते. वजनाचं मात्र आधीच स्पष्ट करा, की एक किलो म्हणजे स्पंज आणि गनाश. फाँडंट आणि बाहुली त्यात धरलेली नाही. विश्रामबागेतून मिरजेला किंवा कुपवाडला पोहोचवायचं असेल तर ते भाडंही वेगळंच सांगा. आणि हत्तीला हात लावण्याआधी निम्मी रक्कम आगाऊ घ्या, कारण ऑर्डर रद्द झाली तर दुसऱ्या कुणाचं नाव घालून तो केक खपत नाही.