गाडी उत्तम, पण पिवळ्या त्रिकोणाने डोकं उठवलं (पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव)

मायलेज, एसी, सीट याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय, मी वेगळं काही सांगणार नाही. गाडी चांगली आहे. माझं भांडण आहे ते मीटरमधल्या त्या पिवळ्या त्रिकोणाशी, ज्याच्या मधोमध उद्गारचिन्ह असतं.

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याला जाणाऱ्यांना पावसाळ्यातला तो लाल चिखल माहीत आहे. कणकुंबीच्या अलीकडे समोरच्या ट्रकने चिखल उडवला, थोड्या वेळात टिंग झालं आणि त्रिकोण लागला. स्क्रीनवर काहीतरी अक्षरं आली नि दोन-चार सेकंदांत गेली. घाटात वळणावर नजर रस्त्यावर ठेवायची की मीटर वाचायचा? अक्षरं गेली, त्रिकोण मात्र घरापर्यंत तसाच.

सर्व्हिस सेंटरवाल्याचं ठरलेलं उत्तर: "सर, स्कॅन करावं लागेल." स्कॅनचे पैसे घेतले आणि वर सांगतो, "इंजिनचा कोड काय येत नाही री, चालवा तसंच." मला खरा राग आला तो इथे. कारण हा त्रिकोण म्हणजे बिघाडच असं नव्हे. 'स्क्रीनवर तुमच्यासाठी निरोप आहे, तो वाचा' एवढंच तो सांगतो. इंजिन चेकचा दिवा वेगळा, ऑइल प्रेशरचा किटलीसारखा लाल दिवा वेगळा. ज्या गोष्टींना स्वतःचा दिवा नाही, त्यांच्यासाठी हा एक सामाईक दिवा. मग नुसते इंजिनचे कोड तपासून काय हाती लागणार?

निरोप पुसला गेलेला नसतो, आत जपलेला असतो. माझ्या गाडीत स्टीअरिंगवरचं पानं बदलायचं बटण दाबत गेलं की ट्रिप, मायलेज, टायर अशी पानं येतात, आणि त्रिकोण लागलेला असेल तेव्हाच आणखी एक पान येतं, त्याच त्रिकोणाचं. तिथे निरोप पूर्ण दिसतो. प्रत्येक गाडीत बटण वेगळं असेल, पण पान शोधा, सापडेल. गाडी कडेला उभी करून, इंजिन चालू ठेवून वाचा. माझ्याकडे होतं 'Radar blocked'. पुढच्या बंपरच्या खालच्या जाळीत एक गुळगुळीत काळी पट्टी असते, तिच्यामागे रडार. तिच्यावर चिखलाचा थर वाळून बसला होता. ओल्या फडक्याने पुसला, गाडी बंद करून परत चालू केली, थोडं अंतर चालवली, त्रिकोण गेला. खर्च शून्य. तोवर आपोआप लागणारा ब्रेक आणि समोरच्या धडकेची सूचना तेवढी बंद होती, पायाचा ब्रेक नेहमीसारखा लागत होता. धो-धो पावसात हाच निरोप येतो आणि पाऊस ओसरला की आपोआप जातो, त्याला काही करू नका. पुढे लोखंडी गार्ड लावायचा विचार असेल तर मात्र सोडून द्या, रडारच्या तोंडावरच येतो.

इथवर लिहून मी हे सदर बंद करणार होतो, पण मध्यंतरी परत त्रिकोण लागला. रडार लख्ख पुसला तरी जाईना. आता मात्र सेन्सरच गेला असं वाटून पोटात गोळा आला. पान उघडलं तर कोपऱ्यात लहान अक्षरांत 1/2. म्हणजे निरोप दोन! खालचं बटण दाबल्यावर दुसरा दिसला, 'Low washer fluid'. चिखलापायी काच धुऊन धुऊन टाकी रिकामी झाली होती. बॉनेट उघडून, झाकणावर काच आणि फवाऱ्याचं चित्र असलेल्या टाकीत पाणी ओतलं (शेजारच्या कूलंटच्या टाकीत नव्हे), मग दिवा विझला. दिवा एक, निरोप कितीही, आणि शेवटचा मिटेपर्यंत तो विझत नाही. ओके दाबून अक्षरं घालवता येतात, त्याने काम झालं असं मात्र होत नाही.

दोन गोष्टी ओळखून ठेवा. चावी दिल्यावर हा दिवा काही सेकंद लागून विझतो, ती त्याची स्वतःची तपासणी. आणि घोड्याच्या नालेसारख्या आकारातलं उद्गारचिन्ह हवेचं, वर्तुळातलं ब्रेकचं, त्यांना हा त्रिकोण समजू नका. काही गाड्यांत त्रिकोण लाल रंगातही येतो. लाल लागला तर पान शोधत चालवत बसायचं नाही, सुरक्षित जागा बघून थांबायचं आणि मग वाचायचं. पिवळा असेल तर निरोप वाचून ठरवता येतं.

हे सगळं कळल्यावर त्रिकोणाबद्दलचा राग गेला. कल्पना चांगली आहे. राग राहिला तो निरोप इतक्या लवकर दडवण्यावर. कंपनीने निदान गाडी उभी असताना तरी तो स्क्रीनवर कायम ठेवावा, आणि सर्व्हिस सेंटरने स्कॅनचं बिल फाडण्याआधी गिऱ्हाइकासमोर ते पान उघडून दाखवावं.