एबीएसचा डबा: घासून रंगवावा की ॲसिटोनची वाफ द्यावी?

समजा, एबीएस प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापलेला डबा आहे. झाकण खटकन बसणारं, वर उठावाची अक्षरं. गुळगुळीत कसा करायचा?

ॲसिटोन एबीएसचा पृष्ठभाग विरघळवतो, त्यामुळे थरांच्या रेषा एकमेकींत मिसळतात. बंद भांड्याच्या भिंतींना ॲसिटोनने ओलावलेला टिश्यू लावायचा आणि वस्तू मधोमध फॉइलवर ठेवायची. गरम करायचं नाही. वाफ सहज पेट घेते, म्हणून हवा खेळती हवी आणि ठिणगी लांब. रेषा पुसट होऊन ओली चकाकी दिसली की लगेच बाहेर काढा. उशीर झाला तर अक्षरांच्या कडा वितळतात, झाकणाची खाच गोल होते आणि ते सैल बसतं. नंतर दिवसभर हात लावू नका, बोटांचे ठसे उमटतात.

म्हणून या डब्याला मी घासणंच निवडेन. आधी १५० आणि २२० नंबरचा पॉलिशपेपर, मग फिलर प्रायमरचे दोन पातळ हात, वाळल्यावर ४०० नंबरने पाणी लावून घासणं, शेवटी रंग. खाचेवर मात्र मास्किंग टेप. रंगाच्या जाडीनेही झाकण अडतं.

तीच वस्तू वळणदार फुलदाणी असती, तर वाफच. आतल्या वळणांत पॉलिशपेपर पोचतो कुठे? पीएलए या थ्रीडी छपाईच्या दुसऱ्या प्लास्टिकला मात्र ही वाफ नीट लागू पडत नाही.