गच्चीवरचा १ गिगाओहम: आठ महिने आणि चार ऑप-अँप

मार्चपासून कोथरूडला आमच्या गच्चीवर एक डबा ठेवलाय. आत BPW34 फोटोडायोड, त्याच्यावर काळ्या पाइपचा तुकडा आणि मागे डायोडचा करंट व्होल्टेजमध्ये बदलणारा ऑप-अँप. अमावास्येच्या आसपास पुण्याचं आकाश रात्रभरात किती उजळ राहतं ते मोजायचं, एवढाच उद्योग. पाइपमधून आकाशाचा छोटा तुकडा दिसतो, म्हणून डायोडकडून जेमतेम २०० पिकोॲम्पिअर येतात. ते वाचता यावेत म्हणून फीडबॅकला १ गिगाओहमचा रेझिस्टर टाकला. हिशोब सोपा: १ पिकोॲम्पिअरला १ मिलिव्होल्ट. हाच दर ऑप-अँपच्या स्वतःच्या इनपुट करंटलाही लागतो, हे मात्र पैसे खर्च झाल्यावर कळलं.

पहिला LM358, कारण तो घरात होता. चालू केला आणि आउटपुट निगेटिव्ह सप्लायला जाऊन चिकटलं. डायोड झाकला, उघडला, ढिम्म. डेटाशीटमध्ये हा इनपुट करंट, म्हणजेच बायस करंट, ४५ नॅनोॲम्पिअर लिहिलाय. तो १ गिगाओहममधून जायचा तर ४५ व्होल्ट लागतील, माझ्याकडे सप्लाय ±९ चा. पुस्तकातला उपाय असा की दुसऱ्या इनपुटलाही तेवढाच रेझिस्टर लावा, म्हणजे दोन्हीकडची चूक कटते. पण दोन इनपुटांचे करंट अगदी सारखे नसतात. LM358 मध्ये त्यांच्यातला फरकच साधारण ५ नॅनोॲम्पिअर, म्हणजे इथे ५ व्होल्ट. त्या वाटेला गेलोच नाही.

मग एका मित्राने ठासून सांगितलं, "प्रिसिजन हवं ना? OP07 घे." तापकीर गल्लीतून आणला. ऑफसेट, म्हणजे दोन इनपुटांमधली व्होल्टेजची चूक, ६० मायक्रोव्होल्टच्या आसपास, वाचूनच बरं वाटतं. पण बायस करंट जवळपास २ नॅनोॲम्पिअर. अंधारात आउटपुट दीड व्होल्टच्या पुढे, आणि मला मोजायचा सिग्नल ०.२ व्होल्ट! चिप वाईट नाही. १० किलोओहमच्या सर्किटमध्ये ती राणी आहे, कारण तिथे २ नॅनोॲम्पिअरची चूक फक्त २० मायक्रोव्होल्ट होते. ऑफसेट बघायचा की बायस करंट, हे रेझिस्टर ठरवतो, डेटाशीटच्या पहिल्या पानावरची जाहिरात नाही.

खरी फसवणूक TL072 ने केली, कारण तो चालला. जेफेट इनपुट, २५ अंशांना ठरावीक बायस करंट ६५ पिकोॲम्पिअर. एप्रिलच्या अमावास्येला सुंदर आलेख आला: रात्री ९ ला ३३० मिलिव्होल्ट, मग हळूहळू उतरत पहाटे ५ ला २३० च्या खाली. दुकानं बंद, गाड्या कमी, आकाश काळं होत गेलं, सगळं पटण्यासारखं. मी तो आलेख चार जणांना कौतुकाने दाखवलाही. वरच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होते. त्यांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, "झाकण लावून रात्रभर ठेवलंस का रे कधी?"

ठेवलं. झाकणाखाली, गच्च अंधारात, रात्री ९ ला १३० मिलिव्होल्ट आणि पहाटे ६४. तापलेल्या गच्चीवर डब्यातलं तापमान ३२ अंशांवरून २२ वर आलं होतं. जेफेटचा बायस करंट म्हणजे उलट्या बायसमधल्या जंक्शनची गळती, ती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. माझ्या आकाशाचा जो उतार होता त्यातला दोन तृतीयांश चिप थंड होण्याचा होता. शिवाय TL072 मध्ये हा करंट पिनच्या आत जातो, म्हणजे माझ्या जोडणीत डायोडच्या करंटच्याच दिशेने. उष्णता प्रकाशासारखी दिसते, आणि संशय येत नाही.

पॉट लावून आउटपुट शून्यावर आणायचाही प्रयत्न केला. संध्याकाळी शून्य, पहाटे उणे ६५. बायसची चूक ऑफसेटने झाकली की ती फक्त त्या एका तापमानाला झाकली जाते. चालू केल्यावरची पहिली काही मिनिटंही टाकून द्यावी लागतात. ±९ व्होल्टवर चिप सुमारे ५० मिलिवॉट खाते, स्वतःच ४-५ अंशांनी तापते, आणि तेवढ्यात बायस करंट तीस-चाळीस टक्क्यांनी वाढतो.

दोन चुका वेगळ्या करायची माझी पद्धत अशी. डायोडची तार सोडायची. आधी फीडबॅकला १० किलोओहम लावून आउटपुट मोजायचं, तो जवळपास निव्वळ ऑफसेट (माझ्या TL072 चा ३ मिलिव्होल्ट). मग १ गिगाओहम लावून मोजायचं, जे वाढलं ते बायस करंटचं.

जूनपासून LMC6482 आहे. बायस करंट ०.०२ पिकोॲम्पिअर, म्हणजे चूक २० मायक्रोव्होल्ट. तो विषय मिटला. (सप्लाय कमाल १५.५ व्होल्ट; ±९ वर लावाल तर जाळाल. मी ±२.५ वर चालवतो.) अंधारातलं रीडिंग तरीही दिवस-रात्र १.२ ते २.४ मिलिव्होल्टच्या मध्ये हलत राहिलं. चिपचा ऑफसेट ०.८ मिलिव्होल्ट, आणि तापमानाने तो अंशाला फारतर एखादा मायक्रोव्होल्ट सरकतो. मग दुप्पट कसं? उत्तर डायोडमध्ये होतं.

```
Vout = Ib × Rf + Vos × (1 + Rf / Rsh)
```

`Ib` बायस करंट, `Rf` फीडबॅकचा रेझिस्टर, `Vos` ऑफसेट, आणि `Rsh` म्हणजे डायोडचा स्वतःचा समांतर रेझिस्टन्स. ऑप-अँप आपल्या ऑफसेटएवढं व्होल्टेज डायोडवर ठेवतो. त्यामुळे डायोडमधून जो इवलासा करंट गळतो तो १ गिगाओहममधूनच भरून काढावा लागतो. माझ्या डायोडचा हा रेझिस्टन्स २५ अंशांना जवळपास १ गिगाओहम निघाला, म्हणजे ऑफसेट दुप्पट. ३५ अंशांना तो अर्धा होतो, ऑफसेट तिप्पट. १५ ला दुप्पट होतो, ऑफसेट दीडपट. ऑफसेट जागचा हलत नाही, त्याचा गुणक हलतो. छोट्या रेझिस्टरच्या सर्किटमध्ये हे कधी दिसतच नाही, कारण तिथे `Rf / Rsh` नगण्य असतो.

इथे मात्र पॉट खरंच कामाला येतं. नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटला १०० किलोओहम आणि ४७ ओहमचं डिव्हायडर लावून ±१ मिलिव्होल्ट देता येतो. बायस नगण्य असल्यामुळे अंधारात आउटपुट शून्य केलं की डायोडवरचं व्होल्टेजही शून्य होतं, आणि मग `Rsh` कितीही हलो. आता महिनोन्महिने रीडिंग ०.२ मिलिव्होल्टच्या आत आहे.

जुलैत एकदा सगळं पुन्हा बिघडलं, अर्धा व्होल्ट इकडेतिकडे. चिप निर्दोष होती. बोर्डावर सोल्डरिंगचा फ्लक्स राहिलेला, वर पुण्याचा पावसाळा. ५ व्होल्टच्या ट्रॅककडून १० गिगाओहमची गळती झाली तरी ५०० पिकोॲम्पिअर होतात. ओळखायला सोपं: बोर्डावर फुंकर घातली की रीडिंग उडतं, गरम हवेने खाली बसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं, इन्व्हर्टिंग पिन वर वाकवून रेझिस्टर आणि डायोड तिला हवेतच जोडले. रेझिस्टरच्या अंगाला तेव्हापासून बोट लावत नाही.

TL072 काढून टेबलावरच्या स्पीकरच्या प्रीअँपमध्ये बसवलाय, तिथे तो मजेत आहे. एप्रिलचा आलेख काकांनी मागून घेतला आणि फ्रिजवर लावलाय.